पेटीचं माप

शाळेत त्यांना सगळे संगणकबाई म्हणत, आणि शाळेत संगणक एकही नव्हता. ही थट्टा नव्हे, खरी गोष्ट. चोरांनी खिडकीचे गज वाकवून अख्खी लॅब धुऊन नेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. राहिलं ते एकच, हेडसरांच्या केबिनमधलं जुनं बुटकं मशीन. ते चोरांच्या नजरेला आलं नाही की आवडलं नाही, देव जाणे. तेव्हापासून बाई फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढायच्या आणि पोरं पुठ्ठ्याच्या कीबोर्डवर बोटं आपटायची. एंटर दाबलं की वर्गातलं कुणीतरी तोंडानं ‘टिंग’ करायचं. सुरुवातीला सगळ्यांना हसू यायचं, बाईंनासुद्धा. मग येईनासं झालं.

यंदा एकदाचं अनुदान मंजूर झालं, पण सरकारी पैसा कधी सुखासुखी येतो का? सोबत अटी आल्याच. आर्थिक वर्ष संपायच्या आत ऑर्डर निघाली पाहिजे, नाहीतर पैसा परत. मशीन कुलपात राहिली पाहिजेत, नाहीतर पैसा परत. आणि त्याच पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. पुढच्या वर्षी लॅब उभी नसेल तर संगणक विषयाची मान्यता काढून घेण्यात येईल. विषय गेला की त्या विषयाची बाई गेली. बाईंनी ती ओळ घरात कुणाला वाचून दाखवली नव्हती. घरात आधीच नवऱ्याचा पगार एक महिना येतो आणि एक महिना येत नाही, त्यात ही भर कशाला?

टेंडरचा मसुदा लिहायचं काम हेडसरांनी त्यांच्यावरच टाकलं. “तुम्हाला त्यातलं कळतं,” म्हणाले. कळत नसलेल्या माणसाला काम टाळायला याहून चांगलं वाक्य नाही.

पण बाईंनी मन लावून लिहिलं. कंपनीचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. मेमरी किमान इतकी, साठवणूक किमान इतकी, पडदा किमान एवढा. ‘किमान’ हा शब्द त्यांनी इतक्यांदा लिहिला की हेडक्लार्क म्हणाला, “बाई, शाई तरी किमान वापरा.” हमी तीन वर्षांची, आणि तीही शाळेत येऊन दुरुस्त करण्याची. आणि दर भरायला एकच तक्ता. मशीन, पडदा, बॅटरीचा बॅकअप, वाहतूक, जोडणी, कर, तीन वर्षांची हमी, सगळं त्यात धरून शेवटी एकच बेरीज. कारण बाईंनी दुसऱ्या शाळेत पाहिलं होतं. तिथं एकानं कर धरून दर दिला, दुसऱ्यानं न धरता दिला, तिसऱ्यानं पडदाच वगळला, आणि मग बसले सगळे कपाळाला हात लावून, कोण स्वस्त तेच कळेना. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच जिन्नस हवा, नाहीतर वजन कसलं करायचं? बाईंनी त्या कागदावर पोरीच्या लग्नाच्या यादीसारखा जीव ओतला होता.

चौदावं कलम लिहिताना तर त्या स्वतः टेप घेऊन लॅबमध्ये गेल्या होत्या.

लॅबमध्ये मामंजींची बाकं होती. बाईंचे सासरे याच शाळेत आयुष्यभर सुतार होते. निवृत्त झाले, हाताला कंप सुटला, तरी चोरीनंतर स्वतःहून आले आणि नव्या लॅबची सगळी बाकं एकट्यानं केली. प्रत्येक बाकाच्या फळीखाली त्यांनी एक लाकडी पेटी बसवली होती. पेटीला दार, दाराला कुलूप, मागं वायरीपुरतं भोक. मशीन पेटीत ठेवायचं, दार लावायचं, चोराच्या बापाला हलणार नाही. एक खिळा नाही, सगळं लाकूड खाचेत खाच बसवून. ते शाळेतलं त्यांचं शेवटचं काम होतं हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी ते इतकं सावकाश केलं. पेटीचं माप त्यांनी शाळेत उरलेल्या त्या एकुलत्या बुटक्या मशीनवरून घेतलं होतं. दुसरं घेणार कशावरून?

बाईंनी पेटी मोजली आणि लिहिलं, ‘मशीनची उंची, रुंदी व खोली खालील मापांपेक्षा जास्त नसावी.’ लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. घरच्या माणसाच्या कामाची आपण कागदावर कदर केली, असं वाटलं होतं.

निविदापूर्व बैठक चित्रकलेच्या खोलीत भरली. टेंडर भरण्याआधी विक्रेत्यांनी यावं, शंका विचाराव्यात, म्हणून ही बैठक असते. तीन जण आले. एक मोठ्या कंपनीचा एजंट. तो खोलीतसुद्धा काळा चष्मा काढत नसे, म्हणून शाळेत त्याला गॉगल म्हणत. दुसरा एक नवखा पोरगेला दुकानदार, जो सगळं लिहून घेत होता. आणि तिसऱ्या, बाजारपेठेतल्या दुकानवाल्या ताई. वयानं बाईंच्या आईएवढ्या, पदर खोचलेला, पर्स एवढी मोठी की तिच्यात दुकानच असावं.

मेमरीचं झालं, हमीचं झालं. नवख्यानं दोन प्रश्न विचारले, बाईंनी उत्तरं दिली. मग ताईंनी पर्समधून टेप काढली, टेबलावर सर्रकन ओढली आणि म्हणाल्या, “हे चौदावं कलम कुणी लिहिलं?”

“मी.”

“माप कुठून आणलंत?”

“आमच्या बाकांच्या पेट्यांचं आहे.”

“बाई, या मापात बसणारं मशीन बाजारात एकच कंपनी बनवते.” ताईंनी टेपचं टोक उचलून गॉगलकडे दाखवलं. “यांची. बाकी सगळ्यांची चार बोटं उंच. मग आम्हाला बोलावलंत कशाला? चहाला?”

नवख्याचं पेन थांबलं. गॉगल हसला, तेही इतकं हळू की बाईंना लख्ख कळलं, याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“नाव न लिहिता नाव लिहायची ही युक्ती जुनी आहे,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. “पण इतकी साळसूद मी प्रथमच बघितली. किती पडले हो बाई पदरात?”

खोलीतली सगळी माणसं आपल्याकडे बघतायत आणि सगळ्यांना आपण एकाच रंगाच्या दिसतोय, हे त्यांना कळलं. ‘नाही हो, मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणणार होत्या. पण चोर याहून वेगळं काय म्हणतो?

“तुमची हरकत लिहून घेतलीय,” एवढंच त्या बोलल्या. “उत्तर लेखी मिळेल. तिघांनाही एकच.”

हेडसरांनी केबिनचं दार लावून घेतलं. “काही बदलायचं नाही,” म्हणाले. “एकच टेंडर येईल तर येऊ दे. आलं ना? निघाली ऑर्डर.”

“नाही निघणार, सर. एकटाच आहे म्हटल्यावर तो काय दर लावेल? अंदाजपत्रकाच्या वर जाणार. एकच टेंडर, तेही अंदाजाच्या वर, वरचं ऑफिस सही करणार नाही.”

“मग बदला!”

“बदललं तर दुरुस्तीपत्रक काढायचं, आणि सगळ्यांना नव्यानं विचार करायला मुदत द्यायची. आदल्या दिवशी कलम बदलून दुसऱ्या दिवशी लिफाफे नाही मागता येत. टेंडर उघडायची तारीख वर्षाच्या पार शेवटच्या आठवड्यात जाते.”

हेडसरांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा कॅलेंडरकडे, जणू दोघांपैकी एक तरी ऐकेल. “म्हणजे बदललं तरी मेलो, नाही बदललं तरी मेलो.”

“बदललं तर कदाचित नाही मरणार.”

“कदाचित!” हेडसर म्हणाले. “बाई, तुम्ही स्वतःच्या सासऱ्याच्या पेटीपायी शाळा पेटीत घातलीत.”

ते खोटं नव्हतं. बाई मसुदा उचलून बाहेर पडल्या.

रिकाम्या लॅबमध्ये त्या मग बराच वेळ बसल्या. ओळीनं बाकं, ओळीनं पेट्या, ओळीनं कुलपं. एक पेटी उघडली, आत हात घातला. आतून रंधा मारलेला, हाताला काही लागत नव्हतं. ज्या बाजूकडे कुणी बघणार नाही तीही म्हाताऱ्यानं गुळगुळीत करून ठेवली होती. चूक कुठं झाली ते बाईंना तिथं बसून कळलं. शाळेला पेटी नको होती. शाळेला हवं होतं ते एवढंच, की मशीन चोरीला जाऊ नये. आपण गरज मागायची सोडून पेटी मागितली. गरज मागितली असती तर प्रत्येकानं आपापलं मशीन आणलं असतं. पेटी मागितली, आणि पेटीत बसणारा एकच निघाला.

नवं चौदावं कलम त्यांनी तिथंच बसून लिहिलं. माप काढून टाकलं. ‘मशीनला कुलपाची साखळी अडकवण्याची सोय असावी.’ ती तर आता झाडून सगळ्या कंपन्यांच्या मशीनना असते. साखळी आणि कुलूप विक्रेत्यानं द्यायचं, दर त्याच एका बेरजेत. पण साखळी बाकाला जखडायची कशी? कुणी पट्टी धरणार, कुणी कडी, कुणी काहीच नाही, की पुन्हा पारड्यात वेगवेगळे जिन्नस. म्हणून बाईंनी पुढं लिहिलं, ‘बाकावर लोखंडी कडी शाळेतर्फे बसवलेली असेल. निविदाधारकांनी प्रत्यक्ष पाहून घ्यावे.’

‘बसवलेली असेल’ लिहायला काय जातं? कडीचा बोल्ट फळीतून आरपार जाणार आणि खालून फळीभर लांब लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. फळीच्या खाली नेमकी पेटी. खाचेत घट्ट बसलेली. ती काढायची म्हणजे फोडायची.

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांना सुनेच्या चपलांच्या आवाजावरून दिवस कसा गेला ते कळे. “आज पाय ओढत आलीस,” म्हणाल्या. “कुणी मेलं का?”

“मामंजी कुठायत?”

“खुर्ची दुरुस्त करतायत. म्हणजे खुर्ची तशीच आहे, हे आपले तिच्याशी बोलतायत.”

बाईंनी मामंजींसमोर बसून सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, पत्रातली ती बारीक अक्षरांतली ओळसुद्धा नाही. ती ऐकून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

“माप चुकलं होतं का?” मामंजींनी विचारलं.

“नाही. माप अगदी बरोबर होतं.”

“मग?”

“ते मागायलाच नको होतं, मामंजी. तुमची पेटी चुकली नाही. मी चुकले.”

मामंजींनी कंप सुटलेला हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. “म्हणजे पेट्या फोडायच्या.”

“हो.”

“दुसरा उपाय?”

“शोधला. नाही सापडला.”

ते उठले आणि आत गेले. त्या दिवशी जेवायला आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही त्यांचं ताट आतच गेलं. सासूबाई ताट घेऊन जाताना सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “बाकाचं सुतक धरलंय आमच्या घरी. माणसं मेली तेव्हासुद्धा हे जेवले होते.”

दुरुस्तीपत्रक निघालं. एकाच दिवशी, एकाच मजकुराचं, तिघांनाही, शिवाय शाळेच्या फलकावरही लागलं. त्यात ‘पूर्वीच्या कलमामुळे स्पर्धेस बाध येत असल्याचे निदर्शनास आल्याने’ असं वाक्य होतं. हेडक्लार्क म्हणाला, “एवढं कशाला? नुसतं ‘बदल’ लिहा. स्वतःच्या तोंडानं कशाला कबूल व्हायचं?” बाईंनी वाक्य तसंच ठेवलं.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्यात माणूस जितका सडतो तितका कशानंच सडत नाही. लिफाफ्यांची पेटी ऑफिसात कुलूप लावून ठेवली होती, फटीतून लिफाफा टाकायचा. बाई येता-जाता तिच्याकडे बघायच्या. आत काही आहे की नाही, कुणाला कळायची सोय नव्हती. गॉगल भरणार हे नक्की. नवखा बिचारा कच्चा. सगळी मदार दुकानवाल्या ताईंवर, आणि ताई तर बैठकीतून उठताना म्हणाल्या होत्या, “ठरलेल्या लग्नात मी वरात नाचवायला येत नसते.”

ताई आल्या नाहीत तर गॉगलला मोकळं रान. दर वर, सही नाही, पैसा परत, पुठ्ठ्याचे कीबोर्ड. तेसुद्धा एकच वर्ष.

एक दिवस शाळा सुटल्यावर बाईंचे पाय आपोआप बाजारपेठेत वळले. ताईंचं दुकान समोरच्या फुटपाथवरून दिसत होतं. काचेमागं ताई कुणाचं तरी मशीन उघडून आत फुंकर मारत होत्या. बाई उभ्या राहिल्या. मनात वाक्यं जुळवली. ताई, मी चोर नाही. ताई, पाया पडते, भरा. नुसतं भरा. रस्ता ओलांडायचा तेवढा बाकी होता.

आणि नेमका तोच ओलांडता येत नव्हता. एका विक्रेत्याला एकट्यानं गाठून ‘भर’ म्हटलं की झालं, सगळा कागद नासला. उद्या ताईंनाच ऑर्डर मिळाली तर गॉगल म्हणेल, बाई दुकानात गेल्या होत्या. आणि तो खरं बोलत असेल.

ताईंनी मान वर केली. काचेतून बाईंना पाहिलं. दाराशी आल्या आणि रस्त्यापलीकडूनच ओरडल्या, “काय बाई, पुन्हा मापं घ्यायला आलात?”

येणारी-जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

“जे सांगायचं ते पत्रात लिहिलंय, ताई,” बाई इकडूनच म्हणाल्या. “तिघांनाही तेच लिहिलंय. त्याच्यापुढं एक शब्द मला बोलता येत नाही.”

“मग उभ्या कशाला राहिलात उन्हात?”

बाई वळल्या आणि चालायला लागल्या. डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. एका हातगाडीला धडकल्या, गाडीवाल्याचं बोलणंही ऐकून घेतलं.

रविवारी त्या नवऱ्याला घेऊन लॅबमध्ये गेल्या. हातोडा, पटाशी, कड्या-पट्ट्यांची पिशवी. नवऱ्यानं पहिल्या पेटीवर हातोडा उगारला आणि मागून आवाज आला, “थांब! फळी फुटेल.”

मामंजी दारात होते. मागं सासूबाई, हातात त्यांची हत्यारांची पिशवी. “मी नाही आणलं,” सासूबाई म्हणाल्या, “हेच निघाले. म्हटलं वाटेत पडले तर उचलायला कुणी हवं.”

मामंजींनी सुनेकडे बघितलं नाही. मुलाच्या हातातून पटाशी काढून बाईंच्या हातात दिली. “याला हातोड्याशिवाय काही येत नाही. तू धर. खाचेच्या कडेला लाव. मार. हळू. बाकाला मारायचं नाही, पेटीला मार.”

पहिली पेटी निघताना कडकन आवाज झाला. मामंजींनी डोळे मिटले. पुढच्या वेळी मिटले नाहीत. दिवस उतरेपर्यंत सगळ्या पेट्या भिंतीशी फळ्या होऊन पडल्या होत्या, आणि प्रत्येक बाकावर एकेक लोखंडी कडी उभी होती. कड्या कुरूप दिसत होत्या. गोठ्यात असतात तशा.

“लिहून दिलं होतंस ना कागदावर?” मामंजी शेवटी म्हणाले. “मग झालं.” पण ‘झालं’ म्हणताना त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती.

टेंडर उघडायच्या दिवशी वरच्या ऑफिसचे साहेब आले. वेळ संपली तशी हेडक्लार्कनं सगळ्यांसमोर कुलूप काढलं, हात घातला. एक लिफाफा. गॉगलचा. दुसरा, नवख्याचा. हेडक्लार्कनं पुन्हा हात घातला. पेटीच्या तळाशी काहीतरी अडकलं होतं. जाडजूड लिफाफा, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला, जणू लोणच्याची बरणी बांधलीय.

ताई मागच्या बाकावर बसून भिंतीकडे बघत होत्या.

प्रत्येकात दोन लिफाफे, एक मशीनच्या तांत्रिक माहितीचा, एक दराचा. आधी तांत्रिक उघडायचे. नवख्यानं हमी तीन वर्षांची दिली होती, पण मशीन दुकानात आणून द्यायला लागेल असं लिहिलं होतं. “मी येईन की शाळेत,” तो घाईनं म्हणाला. “आत्ता लिहून देतो.”

“आत्ता नाही चालत रे,” बाई म्हणाल्या. त्याचं तोंड बघून त्यांना गलबलून आलं. “लिफाफा उघडल्यावर तुला बदलू दिलं, तर यांनाही द्यायला लागेल.” त्याचा दराचा लिफाफा न उघडता तसाच परत केला.

गॉगल उठला. “साहेब, आमचं मशीन तुम्ही मागितलंय त्याच्या दुप्पट वेगवान आहे. त्याचा विचार व्हावा.”

“किमान मागितलं होतं, ते तुमच्याकडे आहे,” बाई म्हणाल्या. “जास्तीला गुण आहेत असं कुठं लिहिलेलं नाही. इथून पुढं फक्त बेरीज.”

दोन दराचे लिफाफे उरले. साहेबांनी ताईंचा उघडला, मोठ्यानं वाचला. अंदाजपत्रकाच्या आत. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ऑर्डर निघणार. कुणालाही का असेना, निघणार. मग गॉगलचा उघडला. साहेबांनी आकडा एकदा वाचला, बेरीज तपासली, पुन्हा वाचला.

ताईंपेक्षा कमी. अगदी थोडा, नखाएवढा, पण कमी.

चौदावं कलम गेल्याचं कळल्यावर गॉगलनं दर खाली आणला होता. आणायलाच लागला. एकटा असता तर काय भरलं असतं, ते त्याच्या काळ्या चष्म्यामागं राहिलं. तुलनातक्त्यात दोन ओळी, दोन बेरजा, शेवटच्या रकान्यात गॉगलच्या नावापुढं ‘न्यूनतम’. त्याच्याशिवाय दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

हेडक्लार्क हसला. मागं कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं. ‘फिरून तिथंच’ एवढं बाईंना ऐकू आलं, आणि उद्या ते गावभर ऐकू येणार हेही कळलं.

ताई पुढं आल्या. तक्त्यावर ओळीओळीनं बोट फिरवलं. मशीन, पडदा, बॅकअप, कर, हमी, साखळी, कुलूप. दोन्ही बाजूंच्या बेरजा मनात करून बघितल्या. मग विक्रेत्यानं हजर असल्याची सही करायची तिथं सही केली.

“हरले,” म्हणाल्या. “पण मोजून हरले.” पर्स उचलली. दारापाशी थांबल्या. “त्या दिवशी तुम्हाला बोलले ते...” वाक्य पुरं केलं नाही. त्यांच्यासारख्यांना ते जमत नाही. गेल्या.

बाहेरच्यांत त्या एकट्याच होत्या ज्यांना खरं काय ते पटलं होतं, आणि त्यांनी ते गावात सांगत फिरावं असं म्हणायचा हक्क बाईंना नव्हता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई आल्या की बोलणं थांबायला लागलं. “आधी कलम घाला, मग काढा, शेवटी माणूस तोच,” असं पीटीचे सर म्हणाले, तेही दार उघडं ठेवून. घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चोर म्हणवून घेतलंस, आणि चोरीची एक कवडी घरात आणली नाहीस. इतका तोट्याचा धंदा मी नाही पाहिला.” मग सुनेपुढं चहा ठेवला आणि कप तिच्या हातात येईपर्यंत तो सोडला नाही.

मशीनं आली. खोकी फुटली, पोरांनी गलका केला. पडदे उजळले, आणि ज्यांनी कधी खरं बटण दाबलं नव्हतं ती पोरं एंटर दाबून पडद्याकडे बघत राहिली. ‘टिंग’ करायचं कुणालाच सुचलं नाही. बाई दाराशी उभ्या होत्या. आपण आनंदानं रडू अशी त्यांची इतके दिवस समजूत होती. रडू आलं, पण ते आनंदाचं होतं की कसलं, ते त्यांना नीट लावता येईना.

मामंजी बोलावल्याशिवाय आले. शेवटच्या बाकाशी गेले. साखळीनं कडीला बांधलेलं मशीन त्यांनी चारी बाजूंनी बघितलं. ठेंगणं, आटोपशीर. हेडसरांच्या केबिनमधल्या जुन्या मशीनचं सख्खं भावंड. खिशातून टेप काढली. हात इतका थरथरत होता की टोक जागेवर ठरेना. बाईंनी पुढं होऊन टोक धरलं.

त्यांनी उंची मोजली. रुंदी मोजली. खोली मोजली. मग वाकून फळीच्या खाली बघितलं, जिथं खाचेच्या उघड्या जखमा होत्या, आणि बोटानं एक खाच चाचपली.

“बसलं असतं गं,” मामंजी म्हणाले.

“हो, मामंजी.”

“तंतोतंत बसलं असतं.”

बाईंनी टेपचं टोक सोडलं नाही. पलीकडून त्यांनीही सोडलं नाही.